पीस मागे ११३ रुपये सुटतात म्हणत होते, सुटत होते ५१

कळव्याला खारेगावात राहते, घरूनच लहान मुलांचे कुर्ता-पायजमा ऑनलाइन विकते, माल उल्हासनगरवरून आणते. अकाउंट कसं उघडायचं, फोटो कसे काढायचे हे तुम्हाला माहीत असेल असं धरते. मला फक्त हिशोबाबद्दल लिहायचंय, कारण २०२४ च्या गणपतीत मी त्यातच आपटले आणि अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

माझा सगळ्यात जास्त चालणारा सेट ६९९ ला होता. पहिली गोष्ट, ते ६९९ तुमचे नाहीत. त्यात ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ६९९ भागिले १.०५ करा, हातात ६६६ उरतात, वरचे ३३ सरकारचे. पण शॉपिंग साइटचं कमिशन मात्र पूर्ण ६९९ वर लागतं. माझ्या अकाउंटला तेव्हा कमिशन १५ टक्के म्हणजे १०५, फिक्स फी ३०, पेमेंट कलेक्शनचे २ टक्के म्हणजे १४, जाण्याचं शिपिंग ६०. पॅकिंग १४, त्यात कुरिअर बॅग, आतली पॉलिथिन, लेबल आणि टेप सगळं आलं. मालाची खरेदी ३३० जीएसटी सोडून. बेरीज ५५३. ६६६ मधून गेले ५५३, राहिले ११३. (तुमचे रेट वेगळे असणार, कॅटेगरी, वजन आणि अंतर बदललं की सगळं बदलतं, तेव्हा माझे आकडे नका उचलू, आपलं रेट कार्ड बघा. फीवरचा १८ टक्के जीएसटी मी धरला नाही कारण तो मला क्रेडिटमध्ये मिळतो, पण तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर तो खर्चातच धरायचा. टीसीएस आणि टीडीएस कापलेले दिसतात तो खर्च नाही, ते पैसे अडकतात इतकंच.)

इथपर्यंत बरेच जण येतात. मीही आले होते आणि फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. रिटर्नचं काय, तर मी असं केलं की रिटर्न आला की जाण्याचे ६० गेले, यायचे ८० लागले, पॅकिंगचे १४ गेले, झाले १५४. रिटर्न अंदाजे १८ टक्के, म्हणजे १५४ चे १८ टक्के साधारण २८. ११३ वजा २८, ८५. वहीत ८५ लिहिलं आणि त्या भरवशावर गणपतीसाठी दुप्पट माल उचलला.

आता हे ८५ का चुकलं ते नीट समजून घ्या, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल. १०० पार्सल गेली असं धरा. माझ्याकडे त्यातली ७४ गिऱ्हाइकाने ठेवली, १८ परत आली, ८ तर दारातूनच परत फिरली, कॅश ऑन डिलिव्हरी मागवायचं आणि कुरिअरवाला आला की फोन उचलायचा नाही, तसली. फायदा फक्त ७४ वर झाला, ७४ गुणिले ११३, ८,३६२. दारातून फिरलेल्यांचं शिपिंग मला लागलं नाही, फक्त पॅकिंग गेलं, ११२ रुपये. १८ रिटर्नचे १५४ प्रमाणे २,७७२. आणि इथे माझी वही संपत होती, पण माल कुठे संपतो?

ते १८ सेट घरी आले तेव्हा सासूबाई एकेक उघडून बघत होत्या. ११ बरे होते, इस्त्री, नवी पॉलिथिन आणि टॅग, प्रत्येकी १० रुपये, ११० झाले. पाचांना कुंकवाचे डाग, आरतीच्या तुपाचा वास, म्हणजे पोराला घालून दर्शनाला नेऊन आणून पॅक करून परत. ते सेकंडमध्ये १५० ला दिले, प्रत्येकी १८० चा तोटा, ९००. दोन पाकिटांत माझा माल नव्हताच, जुने कपडे होते, ३३० प्रमाणे ६६० गेले. (पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा, नसेल तर क्लेम मागायला तोंड नाही. माझ्याकडे नव्हता.)

सगळं मिळून ११२ अधिक २,७७२ अधिक १,६७०, झाले ४,५५४. हे १०० वर भागायचं नाही, ७४ वर भागायचं, कारण परत आलेलं पार्सल स्वतःचा खर्च भरणार नाही, तो ठेवलेल्या मालानेच भरायचा. ४,५५४ भागिले ७४, जवळजवळ ६२. ११३ मधून ६२ गेले, ५१ राहिले. वहीतल्या ८५ चे ५१. वर जाहिरातीचा खर्च, तोही ७४ वरच भागा, क्लिकचे पैसे रिटर्न आला म्हणून कोणी परत देत नाही.

दुसऱ्या बाजूने बघा: नुसत्या १८ रिटर्नचा खर्च ४,४४२, म्हणजे एकाला २४७. दोन गिऱ्हाइकांनी ठेवलेल्या मालाचा फायदा एक रिटर्न खातो आणि वर २१ रुपये मागतो. हे उल्हासनगरच्या ज्या शेठकडून मी माल घेते त्यांना न मांडता माहीत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी "किती विकतेस" विचारलं नाही, "परत किती येतं" विचारलं. उलट मी ज्यांचा कोर्स पैसे भरून केला ते दोन दिवस नुसते सेल्सचे स्क्रीनशॉट दाखवत होते. सेल्सचा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याकडून काहीही शिकू नका, हे माझं ठाम मत आहे, राग आला तर येऊ दे.

मला हे उशिरा कळलं त्याला अजून एक कारण आहे. गणपती ७ सप्टेंबरला बसले, ऑर्डरी ऑगस्टच्या शेवटी गेल्या, पैसे सप्टेंबरात जमा झाले, बँकेत बघून मी खूश. रिटर्न विसर्जनानंतर आले आणि त्यांची कपात नंतरच्या पेमेंटमधून झाली, दिवाळीच्या ऑर्डरींच्या पैशातून. म्हणून महिन्याला बँकेत काय आलं ते बघून फायदा ठरत नाही. हिशोब ऑर्डर आयडीवर बांधा. एका शीटमध्ये ऑर्डरींची यादी, त्याच फाइलच्या दुसऱ्या शीटमध्ये पेमेंट रिपोर्ट, तिला नाव `Payment` द्या, आणि प्रत्येक ऑर्डरसमोर हे टाका (दोन्ही शीटच्या `A` मध्ये ऑर्डर आयडी, पेमेंटच्या `F` मध्ये जमा-वजा रक्कम असेल तर):

```
=SUMIF(Payment!A:A,A2,Payment!F:F)
```

पैसे आले, परत गेले, शिपिंग कापलं, सगळं त्या एकाच ऑर्डरपुढे येतं. परत आलेल्याचा आकडा उणे दिसतो, पहिल्यांदा बघताना वाईट वाटतं, वाटू दे. मालाची खरेदी, पॅकिंग आणि डागाचा तोटा मात्र हाताने भरायचा, तो कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतो. ऑर्डरीला निदान महिना झाल्याशिवाय त्या बॅचचा आकडा पक्का धरू नका.

घाबरू नका, शीट बनवायला मला रविवारची एक दुपार लागली, आणि मला साधं एक्सेलही धड येत नव्हतं. त्यात साइजचा कॉलम टाकला तेव्हा दिसलं की १८ पैकी ९ रिटर्न एकट्या ३ ते ४ वर्षांच्या साइजचे आहेत. टेप घेऊन बसले, तर त्या लॉटची छाती २ ते ३ वर्षांच्या साइजएवढीच शिवलेली. लिस्टिंगवर वयाच्या शेजारी छातीचं माप इंचात टाकलं आणि राहिलेला तो लॉट एक साइज खाली करून विकला.