स्टेजवरची घुंऽऽ आणि पक्कडीने कापलेली पिन: बॅकलाइन सांभाळताना या चुका टाळा

दौऱ्यावरच्या रॉक बँडचे ड्रम, अ‍ॅम्प, कीबोर्ड आणि पेडलबोर्ड, म्हणजे ज्याला एकत्रितपणे बॅकलाइन म्हणतात, ते मांडणे, जोडणे आणि वेळेत उचलणे हे रोडींचे काम. या कामातल्या बहुतेक फजित्या वाद्यांमुळे नव्हे, तर वीज आणि तारा यांच्याविषयीच्या गैरसमजांमुळे होतात, असा माझा अनुभव आहे.

पुण्याजवळच्या एका उघड्या मैदानावर तीन बँडचा कार्यक्रम होता. दुपारी साउंड चेकला सगळे स्वच्छ वाजले. पण संध्याकाळी दुसऱ्या बँडच्या कीबोर्डचा आवाज वाढवताच त्याच्या पाठीमागे अखंड, जाडसर घुंऽऽ ऐकू येऊ लागली. मधल्या वेळेची वीस मिनिटे चालू होती. आमचा एक तरुण मदतनीस पक्कड घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, तिसरी पिन काढून टाकू का?"

सगळ्यात धोकादायक चूक हीच. अर्थिंगची पिन कापल्यावर घुंऽऽ अनेकदा खरोखरच थांबते, म्हणून ही युक्ती टिकून आहे. पण त्यानंतर उपकरणात बिघाड झाला, तर वीज जमिनीकडे जाण्याऐवजी वाजवणाऱ्याच्या हातातून वाट शोधते. 1972 साली वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी नीट अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने स्टेजवरच मरण पावला.

आम्ही पक्कड बाजूला ठेवली आणि मागून पुढे एकेक दुवा सोडवत गेलो. आधी मिक्सरवर तो चॅनल म्यूट करून घेतला, कारण चालू चॅनलमधून वायर उपटली तर स्पीकरमधून जोरदार धमाका होतो. कीबोर्डमधून डीआय बॉक्सकडे, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून पुढे पाठवणाऱ्या डबीकडे, जाणारी वायर काढून पाहिली, तर घुंऽऽ थांबली. म्हणजे बॉक्सपासून मिक्सरपर्यंतची लाइन ठीक होती. वायर पुन्हा लावून कीबोर्डला जोडलेल्या लॅपटॉपचा चार्जर काढला, तेव्हाही घुंऽऽ थांबली. दुपारी लॅपटॉप बॅटरीवर चालला होता आणि संध्याकाळी वादकाने चार्जर हाताशी असलेल्या बोर्डात खुपसला होता. तो बोर्ड मात्र दिव्यांच्या लाइनवरचा होता. कीबोर्डला ध्वनीच्या लाइनची अर्थिंग, लॅपटॉपला दिव्यांच्या लाइनची, आणि दोघांना जोडणारी वायर, असे वर्तुळ पूर्ण झाल्यामुळे त्या वायरच्या बाहेरच्या जाळीतून नको तो प्रवाह वाहत होता. चार्जर बॅकलाइनच्याच बोर्डात लावला आणि उरलेल्या बारीक गुणगुणीसाठी डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबले. हे बटण फक्त ध्वनीच्या वायरची जाळी तोडते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. म्हणून ते सुरक्षित आहे आणि पिन कापणे नाही. या सगळ्याला चार मिनिटे लागली.

प्रत्येक घुंऽऽ मात्र या जातीची नसते. गिटारवादकाला जागेवरच सावकाश गोल फिरायला सांगावे. दिशेनुसार आवाज कमीजास्त झाला, तर गिटारचे सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारे एकाच वेटोळ्याचे चुंबकीय यंत्र, जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा दिव्यांचा प्रकाश कमीजास्त करणाऱ्या डिमरचे चुंबकीय क्षेत्र टिपत आहे. तिथे बोर्ड बदलून उपयोग नाही, गिटारवादकाची जागा बदलावी लागते.

दुपारी ही घुंऽऽ का सापडली नाही, याचे उत्तर दुसऱ्या चुकीत आहे. साउंड चेक घेताना दिवे बंद होते आणि वादक तालीम करण्यात रमले होते. साउंड चेक म्हणजे तालीम नव्हे. दिवे, पडद्यांची यंत्रणा आणि रात्री लागणारा प्रत्येक चार्जर चालू ठेवूनच तो घ्यावा. क्रमही उलटा ठेवावा: शेवटी वाजवणारा बँड आधी आणि पहिला बँड सगळ्यात शेवटी, म्हणजे कार्यक्रम सुरू होताना पहिल्या बँडची मांडणी जागेवर तयार असते. सामान हटवण्यापूर्वी ड्रमच्या पायांच्या आणि माइक स्टँडच्या जागी प्रत्येक बँडसाठी वेगळ्या रंगाची टेप चिकटवावी आणि मिक्सरवर त्या बँडचे सेटिंग साठवावे.

साठवलेल्या सेटिंगवर विसंबून लाइन चेक टाळणे ही तिसरी चूक. मिक्सरला आकडे आठवतात, पण सातव्या क्रमांकाची वायर आठव्या भोकात गेली आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून वायरच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहावा आणि मधल्या वेळेत एकाने बेस ड्रमपासून सुरुवात करून प्रत्येक वाद्य एकदाच वाजवावे. मिक्सरवरच्या माणसाने हेडफोनवर ऐकून "पुढे" म्हणावे. माझ्या अंदाजाने सोळा लाइनींना दोन-तीन मिनिटे पुरतात. त्या रात्री तिसऱ्या बँडच्या वेळी असेच स्नेअर ड्रमवर काठी पडली आणि हेडफोनमध्ये बेस गिटारच्या चॅनलवर ठक् ऐकू आले.