अंदाजे किमतीच्या प्रश्नांत या चुका टाळा: ०.७६ म्हणजे ०.८ नव्हे

बँक भरतीच्या पूर्वपरीक्षेत गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात आणि चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण जातो. प्रश्नचिन्हाच्या जागी अंदाजे कोणती किंमत येईल, असे विचारणारे प्रश्न त्यांत गुण मिळवून देणारे मानले जातात. तरीही दरवर्षी नव्या तुकडीच्या रफ कागदांवर मला त्याच चुका दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकींचे मूळ एकच असते: दशांश चिन्ह दिसले की जवळचा सोपा आकडा घ्यायचा आणि त्याने उत्तर किती हलेल हे पाहायचेच नाही.

गेल्या वर्षी सराव परीक्षेत मी पुढील प्रश्न दिला होता.

√१४४३.७ × २४.०२ ÷ ०.७६०२ = ?

पर्याय होते १०८०, ११५०, १२००, १२६० आणि १३१०. वर्गातली सर्वांत चपळ विद्यार्थिनी पंधरा सेकंदांत ११५० वर खूण करून पुढे गेली. पेपर संपल्यावर मी तिचा रफ कागद मागून घेतला. ३८ चा वर्ग १४४४ असतो हे तिला पाठ होते, म्हणून वर्गमूळ ३८ हे बरोबर घेतले होते. २४.०२ चे २४ केले होते, तेही बरोबर. गुणाकार ९१२ लिहिला होता. त्याखाली ०.७६०२ खोडून ०.८ केले होते, उत्तर ११४० आले होते आणि ११५० हा पर्याय त्याला अगदी लागून असल्यामुळे तिला शंकाच आली नव्हती.

मी विचारले, “०.८ का घेतलेस?” ती म्हणाली, “सर, ०.०४ चाच तर फरक आहे.”

हे ‘०.०४ चाच फरक’ मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर एक पूर्ण तास घेतो. फरक स्वतः केवढा आहे याला गुणाकार-भागाकारात काहीच किंमत नसते. तो त्या संख्येच्या किती टक्के आहे याला किंमत असते. २४.०२ मधला ०.०२ म्हणजे एक टक्क्याचा दहावा हिस्साही नाही, पण ०.७६ मधला ०.०४ म्हणजे ७६ मधले ४, अर्थात पाच टक्क्यांहून जास्त. भाजक पाच टक्क्यांनी वाढवला की उत्तर जवळजवळ तेवढेच खाली येते, म्हणून १२०० चे ११४० झाले. प्रश्न तयार करणाऱ्याला ही घाई ठाऊक असते आणि ११५० हा पर्याय त्या घाईसाठीच ठेवलेला असतो.

या प्रश्नात शिकण्यासारखे आणखी एक आहे. असे प्रश्न बहुधा उलट्या दिशेने तयार होतात: आधी स्वच्छ संख्यांचा प्रश्न लिहायचा आणि मग प्रत्येक संख्येला थोडा धक्का द्यायचा. त्यामुळे आपले काम जवळचा पूर्णांक शोधण्याचे नसून मूळची स्वच्छ संख्या ओळखण्याचे असते. ०.७६०२ मागे ०.७६ आहे, आणि ७६ ही ३८ ची दुप्पट आहे. ३८ ÷ ०.७६ म्हणजे ५०, आणि ५० × २४ म्हणजे १२००. गुणाकार ९१२ लिहिण्याची गरजही पडत नाही. माझी सवय अशी आहे की पेन टेकवण्याआधी सगळ्या संख्या एकदा वाचायच्या आणि कोणती संख्या कोणत्या संख्येला छेदते ते पाहायचे. उतावळ्या मुलांना हे दोन-तीन सेकंद वाया गेल्यासारखे वाटतात; माझ्या अनुभवात तेच सर्वाधिक वेळ वाचवतात.

आणि ७६ मधली दुप्पट नाहीच दिसली तर ०.७५ घ्यावे, मात्र घेतलेले कर्ज लक्षात ठेवावे. भाजक सुमारे १.३ टक्क्यांनी कमी केला, म्हणून आलेले १२१६ हे उत्तर तेवढेच फुगलेले आहे. त्यातून १६ वजा केले की १२०० मिळतात. पर्याय ६० च्या अंतरावर असतील तर ही दुरुस्तीही लागत नाही. ते १२००, १२०८, १२१६ असे असतील तर मात्र लागतेच, म्हणून पर्यायांतले अंतर आधी पाहिल्याशिवाय किती सैल राहायचे हे ठरवू नये.

दुसरी नेहमीची चूक दिशेची आहे. ६४.६ × ३५.६ मध्ये शाळेतल्या नियमाने दोन्ही संख्या वर नेल्या की ६५ × ३६ = २३४० येतात, पण खरे उत्तर २३०० च्या आसपास आहे. गुणाकारात एक संख्या वर नेली तर दुसरी खाली आणावी: ६४ × ३६ = २३०४. इथे .६ असूनही ६४ घेतले हे पाहून मुले अस्वस्थ होतात, पण परीक्षा नियमाची नसून उत्तराची आहे. भागाकारात याच्या उलट दोन्ही एकाच दिशेने न्यावे लागतात. २३०३.८ ÷ ४७.२ पाहताच ज्याला ४८ चा वर्ग २३०४ आठवतो तो भाजक ४८ करून ४८ उत्तर देतो. ते साफ दिसते, म्हणूनच फसवते. भाजक ०.८ ने, म्हणजे सुमारे १.७ टक्क्यांनी वाढवला तर भाज्यही तेवढाच, साधारण ४० ने वाढायला हवा. २३४४ ÷ ४८ म्हणजे ४८.८, आणि खरा पर्याय ४९ आहे.

वर्गमुळात उलट थोडी मोकळीक मिळते, कारण आतली टक्क्यांतली चूक बाहेर येताना निम्मी होते. √१४७० साठी ३८ आणि ३९ यांपैकी एक निवडून बसण्यापेक्षा १४४४ च्या वर राहिलेले २६ हे ३८ आणि ३९ यांच्या बेरजेने, म्हणजे ७७ ने भागावेत; ३८.३४ मिळते आणि ते पुरेसे अचूक असते. मात्र √१४.४ ला १.२ म्हणू नये. ३.८ चा वर्ग १४.४४ आहे, म्हणून ते ३.८ च्या जवळ आहे. दशांश चिन्हानंतरचे अंक दोन-दोनच्या जोड्यांनी मोजावेत.

अपूर्णांकांबद्दल एवढेच सांगतो की ४२.८६% दिसल्यावर ४०% घेऊ नये. तो ३/७ आहे, आणि २८००.९ चे ४२.८६% म्हणजे सरळ १२००. सातव्या, आठव्या आणि नवव्या भागांची टक्केवारी पाठ नसेल तर हे प्रश्न सध्या सोडवू नयेत, आधी ती पाठ करावी.

वजाबाकी आली की मात्र सगळी सैल पद्धत बाजूला ठेवावी. √३६०१.२ × १९.९८ − ११४९.७ मध्ये ६० × २० मधून ११५० वजा केले की ५० येतात आणि खरी किंमत ४९.३ आहे. इथे कोणी ११४९.७ चे ११०० केले तर उत्तर दुप्पट होते, आणि वर्गमूळ ६० ऐवजी ६१ घेतले तर ५० चे ७० होतात. १२०० वर एक टक्क्याची चूक म्हणजे १२, पण उरलेल्या ५० वर तीच चूक जवळजवळ एक चतुर्थांश होते. म्हणून दोन मोठ्या, जवळजवळच्या संख्यांमधले वजाचे चिन्ह दिसले की मी त्या दोन्ही संख्या शेवटच्या एककापर्यंत काढतो, पर्याय कितीही दूरदूर असले तरी.