सतरा ठोक्यांत एक छत्री: जपानीत प्रेमाची छोटी कविता कशी बसवावी

ठाण्यात जपानी शिकणारे बरेच आहेत. कुणी नोकरीसाठी शिकतं, कुणी आवडीने. मी आणि माझा नवरा एकाच वर्गात शिकलो, म्हणून त्याच्यासाठी एक कविता जपानीतच लिहायची असं ठरवलं. साचा हायकूचा, तीन ओळींचा: ५, ७, ५. पण हे आकडे नेमके कशाचे, तिथेच मराठी माणूस पहिल्यांदा अडखळतो, म्हणून सुरुवात तिथून.

आपण अक्षरं मोजतो. जपानी माणूस ठोके मोजतो. प्रत्येक ठोका सारख्याच वेळाचा, टाळीवर म्हणता येईल असा. 'सा' एक ठोका, 'कि' एक ठोका. इथवर आपल्या अक्षरासारखंच आहे. फरक पुढे पडतो. स्वर लांबवला की एक ठोका वाढतो. शब्दातला 'न्' (आपल्या अनुस्वारासारखा) स्वतःचा ठोका घेतो. जोडव्यंजनाआधीचा थांबाही एक ठोका. म्हणून 'टोकियो' आपल्याला तीन अक्षरांचं वाटतं, पण जपानीत ते तो-ओ-क्यो-ओ, चार ठोके. 'निप्पोन' आपल्या हिशेबाने तीन, त्यांच्या हिशेबाने नि-(थांबा)-पो-न्, चार. टोकियोतलं 'क्यो' मात्र जोडाक्षर असूनही एकच.

शाळेत वृत्त शिकताना लघु-गुरूच्या खुणा केल्या असतील तर हे लवकर पटतं. 'पुस्तक' मधला पु जोडाक्षरामुळे गुरू होतो, 'अंग' मधला अं अनुस्वारामुळे. जपानी मोजणी अक्षरांपेक्षा या मात्रांच्या जवळची आहे. पण हे साम्य फार ताणू नका. आपल्याकडे आ, ए, ओ नेहमी गुरू असतात, जपानीत ते साधे, ऱ्हस्वच. छत्रीला 'कासा' म्हणतात, आपल्या मात्रा चार होतील, त्यांचे ठोके दोनच. म्हणून देवनागरीत लिहून मोजूच नका. कविता हिरागाना या जपानी उच्चारलिपीत लिहा आणि चिन्हं मोजा. लहान आकारातले या, यु, यो सोडून द्या, कारण ते मागच्या चिन्हातच मिसळतात. लहान आकारातलं त्सु, म्हणजे तो थांबा, मात्र मोजा. मिळणारा आकडा हाच तुमचा ठोक्यांचा हिशेब.

कानावर विसंबलं तर दुसरी चूक होते. बोलताना काही स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, पण ते मोजले जातात. 'आइशितेइमासु' (प्रेम करते) बोलताना मधला 'शि' पुसट होतो, शेवटचा 'सु' नुसता 'स्' राहतो. तरीही ते आ-इ-शि-ते-इ-मा-सु, सात ठोके.

याच शब्दाने माझा पहिला प्रयत्न संपवला. वर्गात शिकलेलं नीट वाक्य होतं: वाताशि वा आनाता ओ आइशितेइमासु, 'मी तुझ्यावर प्रेम करते'. मोजलं तर चार, चार आणि सात. सतरापैकी पंधरा ठोके गेले, आणि तो कोण, मी कोण, काय घडलं, काहीच आलं नाही. जपानीत लिहिताना पहिली काटछाट इथेच करायची. कर्ता गाळा. मराठीत 'करते' म्हटलं की बाई बोलतेय हे क्रियापदच सांगतं. जपानी क्रियापद पुरुष, लिंग, वचन काही सांगत नाही, तरीही ते लोक कर्ता सहज गाळतात, संदर्भावर सोडतात. आणि 'प्रेम' हा शब्दच काढून टाका. त्या जागी डोळ्यांना दिसेल अशी एक गोष्ट आणा.

माझी गोष्ट तलावपाळीची होती. मासुंदा तलावाच्या कठड्याजवळून, गडकरी रंगायतनच्या बाजूने आम्ही जुलैच्या पावसात चाललो होतो. छत्री एकच. त्याने ती माझ्याकडे इतकी कलवली होती की त्याचा खांदा चिंब भिजला. मराठीत आधी साध्या वाक्यात लिहून घेतलं: 'एक छत्री. तुझा खांदा तेवढा भिजतोय.' हे वाक्य जितकं कोरडं, तितकं पुढचं काम सोपं. मराठीत आधी उपमा-अलंकार करून ठेवले की ते जपानीत नेता नेता ठोके संपतात.

पहिल्या ओळीसाठी 'आइआइगासा' हा शब्द हाताशी होता. दोघांनी एका छत्रीतून जाणं. जपानमध्ये शाळकरी मुलं छत्रीचं चित्र काढून तिच्याखाली दोघांची नावं लिहितात, तीच ही छत्री. मोह झाला. पण मोजलं तर आ-इ-आ-इ-गा-सा, सहा. एखादा ठोका जास्त झालेला तिथे चालतो, त्याला 'जिआमारि' म्हणतात. मी तो ठोक्यामुळे नाही, दुसऱ्या कारणाने सोडला: तो शब्द प्रेम जाहीर करूनच टाकतो, मग खांद्याला सांगायला काही उरत नाही. त्याऐवजी घेतलं 'कासा हितोत्सु', एक छत्री. का-सा-हि-तो-त्सु, नेमके पाच. यातला 'हि' बोलताना अगदी पुसट येतो, 'त्सु' आपल्याला जोडाक्षर दिसतं. दोन्ही एकेक ठोकाच.

दुसरी ओळ 'तुझा खांदा तेवढा'. 'आनाता' तीन ठोक्यांचा, 'किमि' दोन. रोजच्या बोलण्यात बायको नवऱ्याला सहसा किमि म्हणणार नाही, पण कवितेत चालतं; जुन्या जपानी कवितेत तर स्त्रिया प्रियकराला किमिच म्हणत. कि-मि-नो-का-ता-दा-के, सात. 'दाके' म्हणजे फक्त. माझ्या मते सगळी कविता या दोन ठोक्यांवर उभी आहे, कारण फक्त तुझाच खांदा भिजतोय म्हटलं की माझा कोरडा का, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

तिसरी ओळ 'भिजतोय'. वर्गातल्या सवयीने आधी 'नुरेते इमासु' लिहिलं. सहा झाले. 'मासु' हे आदराचं, परक्या माणसाशी बोलायचं रूप. कवितेला साधं रूप लागतं: 'नुरेते इरु'. नु-रे-ते-इ-रु, पाच.

कासा हितोत्सु
किमि नो काता दाके
नुरेते इरु

आता दोन तपासण्या. एक, टाळीवर म्हणा, प्रत्येक ठोक्याला एक टाळी. कुठे घाई करावी लागली किंवा टाळी रिकामी गेली, तर तिथे लांब स्वर किंवा थांबा चुकलाय. दुसरी, जपानी चांगलं येणाऱ्या कुणाला वाचून दाखवा आणि अर्थ त्यांनाच सांगायला लावा. आमच्या सेन्सेईंनी विचारलं, 'यात ऋतू कुठे आहे?' हायकूत ऋतू सांगणारा शब्द लागतो, आणि नुसती छत्री ऋतू सांगत नाही. त्यांनी 'यूदाचि या' सुचवलं: संध्याकाळची सर, उन्हाळ्याचा ऋतुशब्द. यु-उ-दा-चि-या, पाच ठोके बरोबर बसतात. पण मग छत्री जाते, आणि छत्रीशिवाय 'फक्त तुझा खांदा' याला अर्थ उरत नाही. मी छत्री ठेवली. ऋतूशिवायच्या, माणसांच्या वागण्यावरच्या ५-७-५ ला 'सेनर्यू' म्हणतात, तेव्हा ही सेनर्यू. भावना मोकळेपणाने सांगायचीच असेल तर 'तांका' घ्या, ५-७-५-७-७, एकूण ३१ ठोके. जपानीत प्रेमाची कविता शतकानुशतकं त्यात लिहिली गेली आहे.

कागदावर ती मी एकाच उभ्या ओळीत लिहिली, तिकडे छापतात तशी. छत्रीची कांजी, म्हणजे तिचं चित्रासारखं अर्थचिन्ह, आवर्जून काढली, कारण त्या चिन्हात छपराखाली माणसं दाटीने उभी असल्यासारखी दिसतात. नवऱ्याने वाचली, बोटांवर सतरा मोजले, आणि मग म्हणाला, 'डावा खांदा होता.' डाव्याला 'हिदारि' म्हणतात. हि-दा-रि, तीन ठोके. ते कुठून काढायचे यावर आम्ही अजून बोलतोय.