पाळी येणार की दिवस राहिले? टेस्टच्या आधी तारखा मोजा

छाती दुखतेय, मळमळतंय, अंगात त्राण नाही. पाळीला आठवडा बाकी असताना एवढ्यावरून काहीच ठरत नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, मग दिवस राहिलेले असोत वा नसोत. छाती जड होणं आणि थकवा ही बहुतेक त्याचीच करामत. म्हणून त्रास कोणता, यापेक्षा तो कधी सुरू झाला ते पाहा.

आधी कॅलेंडरवर मागच्या पाळीचा पहिला दिवस शोधा. समजा, लातूरकडच्या एका सुनेची पाळी दर ३२ दिवसांनी येते आणि मागची ३ जूनला आली. पुढची ५ जुलैला यायला हवी. स्त्रीबीज साधारण त्याच्या १४ दिवस आधी, म्हणजे २१ जूनच्या आसपास सुटतं. गर्भ राहिलाच तर तो पिशवीत रुजायला बहुधा आणखी ६ ते १० दिवस लागतात, आणि गर्भाचं संप्रेरक त्यानंतरच रक्तात येतं. तेव्हा २४ जूनला छाती दुखली तर ते गर्भामुळे नाही. पाळी अनियमित असेल तर मात्र हा हिशेब सोडून द्या.

मग मळमळ पाहा. गर्भाची मळमळ बहुतेकींना पाळी चुकल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी सुरू होते. जूनअखेरीला मळमळलं तर आधी पित्त आठवावं, विशेषतः उपास असेल तर. थकव्यावर तर मी फारसा भरवसा ठेवणार नाही. रक्त कमी असलं तरी तो असतोच.

खरा फरक ५ जुलैनंतर दिसतो. पाळीचा त्रास असेल तर रक्तस्राव सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत छाती हलकी होते. दिवस राहिले असतील तर पाळी येत नाही आणि दुखणं बहुधा टिकतं. मधेच नुसते डाग पडले तर त्याला पाळी समजू नका. पाळी चुकली की सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट करा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळतं. टेस्ट निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. पोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर टेस्टची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास घेतात. त्या गोळ्यांनीही छाती दुखते, मळमळतं, आणि पाळी तर लांबतेच. मग वरचा सगळा हिशेब चुकतो. गोळी बंद केल्यावर पाळी बहुधा दोन-तीन दिवसांत येते. आठवडाभरात आली नाही तर टेस्ट करा. आणि दिवस राहिल्याची थोडीही शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी सुरूच करू नका.