क्लोजिंग स्टॉक विक्रीच्या भावाने लावला? या चुका टाळा

३१ मार्चला दुकानात उरलेला माल, म्हणजेच क्लोजिंग स्टॉक, मोजताना नवा दुकानदार सहसा टॅगवरचा भाव बघतो आणि नगांनी गुणतो. भाव डोळ्यासमोरच असतो, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही.

एक कपड्याचं दुकान घ्या. वर्षात १०० कुर्ते ४०० रुपयांनी घेतले. गाडीभाडं आणि हमाली मिळून नगामागे २० रुपये पडले, म्हणजे एक कुर्ता ४२० रुपयांना पडला. ६०० च्या भावाने ६० विकले गेले, ४० उरले.

विक्री ३६,००० रुपये, मालाचा एकूण खर्च ४२,०००. उरलेला माल ४२० ने लावला तर १६,८०० होतात. विक्रीत हा उरलेला माल मिळवून खर्च वजा केला की ढोबळ नफा १०,८०० येतो. विकलेल्या ६० कुर्त्यांवर प्रत्येकी १८० सुटले, तेवढाच हा आकडा आहे. तोच माल ६०० ने लावला तर स्टॉक २४,००० होतो आणि नफा १८,००० दिसतो. वरचे ७,२०० हा कपाटात पडून असलेल्या ४० कुर्त्यांचा नफा आहे. त्यांना अजून गिऱ्हाईकच आलेलं नाही, पण कर मात्र तुम्ही आजच भरणार.

शिवाय आजचा क्लोजिंग स्टॉक हाच उद्याचा ओपनिंग स्टॉक. पुढच्या वर्षी ते ४० कुर्ते सेलमध्ये ५०० ने गेले तर हातात २०,००० येतील, पण वहीत माल २४,००० चा असल्याने ४,००० तोटा दिसेल. खरं तर तुम्ही नगामागे ८० रुपये कमावलेले असतात. धंदा बुडतोय असं वाटून चांगला चालणारा माल बंद केलेले लोक मी पाहिलेत, म्हणून हे कळकळीने सांगते.

चूक पकडायची सोपी खूण आहे. ६०० च्या विक्रीत १८० सुटतात, म्हणजे ३० टक्के. व्यापार खात्यात ढोबळ नफा विक्रीच्या ५० टक्के दिसत असेल, तर आधी स्टॉक शीट काढा आणि भाव खरेदीच्या बिलाशी ताडून बघा. मोजणीच्या कागदावर विक्रीच्या भावाचा रकानाच ठेवू नका.

दुसरी चूक भाडं-हमाली विसरण्याची. माल दुकानात येईपर्यंतचा खर्च खरेदी किमतीत धरायचा. गिऱ्हाइकाला घरपोच द्यायचा खर्च किंवा जाहिरात त्यात येत नाही. ज्या जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेतलंय, तोही सहसा वहीतल्या या किमतीत धरत नाहीत.

खरेदी किमतीचा नियम एका ठिकाणी मोडतो. समजा त्या ४० पैकी ५ कुर्त्यांना डाग पडलेत. ते ३०० लाच जातील आणि धुलाईला २० लागतील, म्हणजे हातात येणार २८०. खरेदी किंमत आणि हातात येणारी रक्कम यांतली जी कमी, ती धरायची. म्हणून हे ५ कुर्ते २८० ने, उरलेले ३५ कुर्ते ४२० ने. स्टॉक १६,८०० ऐवजी १६,१०० होतो आणि ७०० चा तोटा याच वर्षात पडतो. असा माल मोजतानाच वेगळा काढून ठेवा. गठ्ठ्यात मिसळला की तो शीटवर चांगल्या मालाच्याच भावाने चढतो.