कोटेशन उघडण्याआधी वजनं लिहा

स्वस्त दराला भुललो की ऐन तूर हंगामात पिशव्या येत नाहीत. जळगावच्या आमच्या डाळ मिलमध्ये पिशव्यांचा पुरवठादार निवडताना आता असं करतो:

1. कोटेशन उघडण्याआधीच वजनं, म्हणजे कोणत्या बाबीला शंभरपैकी किती महत्त्व, ते ठरवतो: दर 30, दर्जा 30, वेळेवर पोच 25, आर्थिक बळ 15. नंतर ठरवली तर ती ओळखीच्या माणसाकडेच झुकतात.
2. प्रत्येक बाबीला दहापैकी गुण. पोचेचे गुण आठवणीवर देत नाही, मागच्या दहा चलानांच्या तारखा ऑर्डरशी ताडतो. आर्थिक बळासाठी जीएसटी पोर्टलवर पुरवठादाराचा जीएसटी नंबर टाकून रिटर्न वेळेवर भरलेत का बघतो.
3. प्रत्येक बाबीचे गुण गुणिले वजन, भागिले दहा, मग चारही आकड्यांची बेरीज.

स्वस्तवाला 9, 6, 5, 3 म्हणजे 62. महागवाला 7, 8, 8, 8 म्हणजे 77.

जपायचं एवढंच: एकाही बाबीत चारपेक्षा कमी गुण असतील तर बेरीज कितीही येवो, तो बाद.