बिलिंगच्या स्क्रीनबद्दल मेल टाकण्याआधी

गेल्या वर्षी सॉफ्टवेअरवाल्यांना मी एका ओळीचा मेल टाकला होता: 'अक्षरं मोठी करा, रंग ठळक करा.' त्यांनी केलंही. पण त्यांच्याकडचा स्क्रीन १९२० बाय १०८०, माझ्या गल्ल्यावरचा १३६६ बाय ७६८. तिथे नीट बसलेला रकमेचा रकाना माझ्याकडे उजव्या कडेबाहेर गेला आणि सेव्हचं बटण टास्कबारच्या खाली. गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं, आणि मी माउसने स्क्रीन सरकवतोय.

म्हणून सगळ्यात आधी रिझोल्युशन लिहून घ्या. डेस्कटॉपवर राइट क्लिक, Display settings, तिथे Display resolution आणि Scale, दोन्ही आकडे. मॉनिटर किती इंची ते सांगून भागत नाही, मीही तेवढंच सांगितलं होतं. दोन काउंटर असतील तर दोन्हींचे आकडे. Scale १२५ टक्के करून आधी पाहिलं असेल तर काय झालं तेही लिहा. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं त्याने धूसर झाली.

दुकानाचं नाव, व्हर्जन वगैरे लिहालच. फोटो मोबाइलने काढू नका, स्क्रीनशॉट घ्या. त्यात वीसेक वस्तूंचं भरलेलं बिल हवं, तूरडाळीची लांबलचक नावं असलेलं. रिकाम्या स्क्रीनवर सगळंच मावतं. गिऱ्हाइकाचा नंबर तेवढा झाका.

'मोठं' म्हणजे किती? पट्टी घ्या, स्क्रीनवरचा आकडा मोजा. माझा तीन मिलिमीटर भरला, मला सहा हवा होता, कारण मी उभा राहून हातभर लांबून बघतो. मात्र सगळंच दुप्पट मागू नका, मावणार नाही. नग, दर, रक्कम आणि एकूण एवढंच मोठं मागा. जागेसाठी एचएसएनचा रकाना स्क्रीनवरून काढायला सांगा; छापील बिलावर तो राहू द्या, हे स्पष्ट लिहा. छापील बिलाच्या अक्षरांना हात लावू नका, हेही. ५८ मिमीच्या रोलवर अक्षरं वाढली की दर पुढच्या ओळीत जातो.

रंगाचं 'ठळक' म्हणालात तर भगवी पार्श्वभूमी येईल; मला आली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, निवडलेली ओळ पिवळी, असं एकेक लिहा. परतीचं बिल लाल चालेल, पण वर 'परत' हा शब्दही हवा. लाल-हिरवं सगळ्यांना वेगळं दिसत नाही.

आता पाठवा. सगळं एकाच मेलमध्ये. अपडेट आधी एकाच मशीनवर, बॅकअप घेऊन, शनिवारी नको. आणि पाठवण्याआधी बघा, रिझोल्युशन लिहिलंय ना?